अष्टमीचा अर्धा चंद्र आणि पृथ्वीची सावली

प्रश्न : माझी मुलगी फोंड्याला नववीत शिकते. तिच्या खगोलशास्त्राच्या चाचणीत 'शुद्ध अष्टमीला चंद्राचा अर्धाच भाग उजळ का दिसतो?' असा तीन गुणांचा प्रश्न होता. तिने 'उरलेल्या अर्ध्या भागावर पृथ्वीची सावली पडते म्हणून' असे लिहिले आणि तिला शून्य गुण मिळाले. ग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते हे तर पुस्तकातच दिलेले आहे. मग हे उत्तर चूक कसे? निदान अर्धे गुण तरी मिळायला नकोत का?

उत्तर :

उत्तर चूक आहे, आणि ते थोडेथोडके चूक नसल्यामुळे परीक्षकाने शून्य दिले यात मला अन्याय दिसत नाही. ग्रहणाबद्दल पुस्तकात जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. परंतु ग्रहणाचे कारण अष्टमीच्या चंद्राला लावता येत नाही, कारण त्या संध्याकाळी पृथ्वीची सावली आकाशात जिथे असते तिथून चंद्र पुरे पाव आकाशवर्तुळ दूर असतो. हे डोळ्यांनी पाहता येते आणि आपल्या गोव्यात तर फार सोयीने पाहता येते, म्हणून गणिताआधी तेच सांगतो.

पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, एखाद्या शुद्ध अष्टमीला मुलीला घेऊन अशा उघड्या जागी जा जिथून पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्रीची रांग, निदान पूर्वेचे मोकळे आकाश, दोन्ही दिसतील. फोंड्याच्या आसपासचे कोणतेही उंच पठार त्यासाठी चालेल. सूर्य समुद्रात टेकला की चंद्र कुठे आहे ते पाहा. तो डोक्यावरच्या भागात, सूर्यापासून सुमारे ९० अंशांवर असतो आणि त्याची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडे म्हणजे पश्चिमेकडे असते. आता पाठ फिरवून पूर्वेला पाहा. सूर्यास्तानंतर दहापंधरा मिनिटांत डोंगरांच्या वर करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा चढू लागतो आणि त्याच्या वरच्या कडेला फिकट गुलाबी झाक असते. पुष्कळ लोक त्याला धुके किंवा दूरचे ढग समजतात, पण तो करडा पट्टा म्हणजेच आपल्या वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली होय. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी ती वर येते आणि थोड्याच वेळात रात्रीच्या अंधारात मिसळून जाते. हवेत धूळ किंवा धूर जास्त असेल तर पट्टा अस्पष्ट राहतो. अशा वेळी पावसाची सर येऊन गेल्यानंतरची एखादी स्वच्छ संध्याकाळ निवडावी.

या एका दृश्यात प्रश्नाचा बहुतेक निकाल लागतो. सूर्य पश्चिमेला आहे, पृथ्वीची सावली बरोबर त्याच्या विरुद्ध, पूर्वेला आहे, आणि अर्धा चंद्र दोघांच्या मध्ये डोक्यावर आहे. सावली नेहमी दिव्याच्या उलट बाजूला पडते, त्यामुळे सूर्य आकाशात जिथे असेल त्याच्या नेमक्या समोर १८० अंशांवर पृथ्वीच्या सावलीचा मध्य असतो. अष्टमीचा चंद्र सूर्यापासून ९० अंशांवर असतो, म्हणजे सावलीपासूनही तो ९० अंशांवरच असणार. तुमची मुलगी हे आणखी सोप्या रीतीने पडताळू शकते. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, म्हणून दुपारी चार वाजता तो पूर्वेकडच्या आकाशात फिकट पांढरा दिसत असतो आणि त्याच वेळी सूर्यही आकाशात असतो. सूर्य क्षितिजाच्या वर असला तर त्याच्या समोर असणारी पृथ्वीची सावली क्षितिजाच्या खाली असलीच पाहिजे. जी वस्तू आपल्याला क्षितिजाच्या वर दिसते आहे तिच्यावर क्षितिजाखालची सावली पडू शकत नाही. दिवसा दिसणारा कोणताही अपुरा चंद्र, मग तो शुद्ध अष्टमीचा दुपारचा असो किंवा वद्य अष्टमीचा सकाळचा असो, सावलीच्या उत्तराला एवढ्यानेच खोटे ठरवतो.

आता ही सावली चंद्राच्या अंतरावर केवढी असते ते पाहू, कारण 'सावली मोठी असेल, पसरत पसरत अष्टमीच्या चंद्रापर्यंत येत असेल' अशी शंका वर्गात हटकून निघते. वस्तुस्थिती उलटी आहे. सूर्य पृथ्वीपेक्षा खूप मोठा असल्यामुळे पृथ्वीची गडद सावली, जिला प्रच्छाया म्हणतात, पृथ्वीपासून दूर जाताना पसरत नाही तर निमुळती होत जाते आणि सुमारे १४ लाख किलोमीटरांवर संपते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरांवर आहे. तिथे ती सुमारे ९,००० किलोमीटर रुंद उरते, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या साधारण पावणेतीनपट. आकाशात मोजायचे तर पूर्ण चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो आणि ही सावली, ती दिसू शकली असती तर, सुमारे १.४ अंश रुंद दिसली असती. हात लांब करून करंगळी आकाशासमोर धरली तर तिची रुंदी साधारण एक अंश भरते. तेव्हा पूर्ण आकाशात पृथ्वीच्या सावलीचा डाग दीड करंगळीहून मोठा नाही. गडद सावलीच्या भोवती विरळ सावलीचे, उपच्छायेचे, कडे असते. ते धरले तरी सर्व मिळून अडीच अंशांच्या आसपासच जाते. हा डाग ९० अंशांवरच्या चंद्राचा अर्धा भाग झाकतो असे म्हणायला जागाच राहत नाही.

याच आकड्यांवरून काळाचाही हिशेब करता येतो. सावलीच्या तुलनेत चंद्र दिवसाला सुमारे १२ अंश, म्हणजे तासाला अर्धा अंश सरकतो. सावलीच्या कडेला पहिला स्पर्श झाल्यापासून पूर्ण बाहेर पडेपर्यंत त्याला फार तर सावलीची रुंदी आणि स्वतःची रुंदी मिळून १.९ अंश जायचे असते, आणि त्याला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, भारतातून दिसणारे खग्रास चंद्रग्रहण झाले. त्यात गडद सावलीचा स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटांनी झाला, म्हणजे साडेतीन तासांत सगळे आटोपले. एका रात्रीत पूर्ण चंद्र झाकला गेला आणि पुन्हा पूर्ण झाला. पौर्णिमेपासून वद्य अष्टमीपर्यंत अर्धा होण्यास मात्र चंद्राला सात दिवसांहून जास्त वेळ लागतो. ज्या कारणाचा परिणाम चार तासांत संपतो ते साडेएकोणतीस दिवसांच्या चक्राचे कारण होऊ शकत नाही.

मग अष्टमीच्या चंद्राचा दुसरा अर्धा भाग काळा का? कारण तिथे रात्र आहे. पृथ्वीप्रमाणेच चंद्राचाही सूर्याकडचा अर्धा गोल सदैव उजळलेला आणि पाठीमागचा अर्धा गोल सदैव अंधारात असतो. तो अंधार चंद्राच्या स्वतःच्या अंगाचा आहे, त्यासाठी पृथ्वीची गरज नाही. ग्रहणाचे क्षण वगळले तर हे अर्धे-अर्धे प्रमाण कधीच बदलत नाही. बदलते ती आपली बघण्याची बाजू. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे त्याच्या उजळ अर्ध्या गोलाचा किती भाग आपल्या बाजूला वळलेला आहे ते रोज थोडेथोडे बदलते. अमावास्येला उजळ अर्धा पूर्णपणे पलीकडे असतो, पौर्णिमेला तो पूर्ण आपल्या समोर असतो, आणि अष्टमीला आपण चंद्राकडे नेमके बाजूने पाहत असल्यामुळे उजळ गोलार्धाचा अर्धा आणि अंधाऱ्या गोलार्धाचा अर्धा एकाच वेळी दिसतो.

गंमत अशी की हे उत्तर आपल्या घरातल्या पंचांगात प्रत्येक पानावर छापलेले असते. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे किती अंश गेला याचेच मोजमाप होय. दर १२ अंशांना एक तिथी, आणि तीस तिथींचे मिळून ३६० अंश. शुद्ध अष्टमी ८४ अंशांना लागते आणि ९६ अंशांना संपते, म्हणून तिच्या बरोबर मध्यावर ९० अंश होतात आणि चंद्र अर्धा असतो. कोन माहीत असला की उजळ भाग किती हेही काढता येते. एकातून त्या कोनाची कोज्या वजा करायची आणि दोनाने भागायचे. पंचमी संपताना कोन ६० अंश असतो, त्याची कोज्या ०.५, म्हणून उजळ भाग ०.२५. दशमी संपताना कोन १२० अंश, कोज्या उणे ०.५, म्हणून उजळ भाग ०.७५. म्हणजे पंचमी संपताना चंद्र पाव, अष्टमीच्या मध्यावर अर्धा आणि दशमी संपताना पाऊण. सूर्य चंद्रापेक्षा खूपच दूर असला तरी अनंत अंतरावर नसल्यामुळे या सूत्रात किंचितशी फट राहते, पण ती डोळ्यांना कळणारी नाही. महत्त्वाचे हे की या हिशेबात पृथ्वीचा आकार कुठेही येत नाही. पृथ्वी सुपारीएवढी असती तरी कला अशाच दिसल्या असत्या. सावली हे कारण असते तर सावली पाडणाऱ्या वस्तूच्या आकाराशिवाय असा हिशेब करताच आला नसता.

इसवी सन ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयातल्या गोलपादात या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी वेगळ्या सांगितल्या आहेत. एके ठिकाणी आर्यभट म्हणतो की पृथ्वी आणि ग्रह यांचे अर्धे गोल स्वतःच्याच छायेने काळवंडलेले असतात आणि सूर्यासमोरचे अर्धे प्रकाशतात. पुढे, ग्रहणाचा विषय येतो तेव्हा, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते असे तो सांगतो. चाचणीतल्या प्रश्नाला पहिले वचन लागू होते आणि मुलीने दुसरे वापरले, एवढाच हा घोटाळा आहे.

सावलीच्या उत्तरातला सर्वांत मोठा दोष मात्र मला वेगळाच वाटतो. ते उत्तर खरे मानले तर चंद्र सावलीच्या जितका जवळ तितका तो काळा आणि जितका दूर तितका उजळ असायला हवा. प्रत्यक्षात चंद्र सर्वांत अंधारा असतो अमावास्येला, आणि त्या दिवशी तो सूर्याच्या बाजूला म्हणजे पृथ्वीच्या सावलीपासून शक्य तितका लांब, १८० अंशांवर असतो. सर्वांत उजळ असतो तो पौर्णिमेला, आणि त्याच दिवशी तो सावलीच्या सर्वांत जवळ असतो. म्हणजे हे उत्तर अपुरे नसून नेमके उलटे आहे. विद्यार्थ्याने सावलीचे उत्तर दिले की मी त्याला फक्त एवढेच विचारतो, "मग अमावास्येला पृथ्वीची सावली चंद्रावर जाते कशी, ते काढून दाखव." सूर्य, चंद्र आणि पृथ्वी अमावास्येच्या क्रमाने मांडली की सावली चंद्राच्या विरुद्ध दिशेला जाताना दिसते आणि पेन्सिल आपोआप थांबते.

आकारावरूनही दोन्ही गोष्टी ओळखता येतात, आणि पुढच्या चाचणीत चित्र देऊन 'ही कला की ग्रहण?' असे विचारले जाण्याची शक्यता असल्यामुळे हे जरा सावकाश सांगतो. २८ ऑक्टोबर २०२३ ला कोजागरी पौर्णिमा होती आणि त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. तुमच्याही घरी दूध कधी प्यावे यावर चर्चा झाली असेल. मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्राच्या दक्षिणेकडच्या कडेला गडद सावलीचा छोटासा घास दिसत होता. जास्तीत जास्त ग्रास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे १२ शतांश एवढाच होता. आता त्या चंद्राची तुलना शुद्ध त्रयोदशीच्या चंद्राशी करा. दोघेही 'जवळजवळ पूर्ण, थोडासा कमी' असेच वर्णावे लागतील. परंतु त्रयोदशीच्या चंद्राची अंधारी किनार एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, म्हणजे पूर्ण अर्ध्या परिघावर, पसरलेली असते आणि मध्यभागी जाड, टोकांना बारीक होत जाते. कोजागरीच्या त्या ग्रहणातला घास मात्र परिघाच्या अंदाजे पाचव्या हिश्श्यापुरताच होता आणि बाकीची कड शाबूत होती.

यामागचे कारण भूमितीचे आहे. कला दिसते तेव्हा उजेड आणि अंधार यांची सीमा ही चंद्राच्या गोलावरचे, त्याचे बरोबर दोन भाग करणारे वर्तुळ असते. ते आपल्याला तिरके दिसते, म्हणून कोरीत ते आत वळलेले, अष्टमीला सरळ रेषेसारखे आणि दशमीला बाहेर फुगलेले भासते, पण त्याची दोन टोके नेहमी व्यासाच्या दोन टोकांवरच येतात. ग्रहणात दिसणारी सीमा ही चंद्राबाहेरच्या एका मोठ्या वर्तुळाची, पृथ्वीच्या सावलीची, कड असते. ती कधीही सरळ रेषा होत नाही, कारण गोलाची सावली अशा अंतरावर गोलच पडते, आणि ती नेहमी उजळ भागात घुसलेली दिसते. म्हणून सावलीने नेमका अर्धा चंद्र झाकला तरी उरलेला भाग अष्टमीसारखा सरळ कापलेला न दिसता आतून खणलेला दिसतो. आणि दशमीसारखा, दोन्हीकडून फुगलेला चंद्र तर कोणत्याही गोल सावलीला बनवता येत नाही, कारण त्यासाठी सावलीची कड आत वळलेली असावी लागेल. प्रश्नात अष्टमी मुद्दाम निवडलेली असावी असे मला वाटते, कारण सरळ सीमा तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

रंगाची खूणही उपयोगी आहे, पण ती दुय्यम. खग्रास ग्रहणात चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला लालसर प्रकाश सावलीतही पोचतो. उलट द्वितीया-तृतीयेच्या कोरीत अंधारा भाग मंद करड्या उजेडात दिसतो. तो उजेड पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूवरून परतून चंद्रावर गेलेला असतो. त्या दिवसांत चंद्रावर उभे राहणाऱ्याला पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसली असती. जो चंद्र पृथ्वीच्या सावलीत असतो त्याला पृथ्वीची रात्रीची बाजूच दिसते आणि तिच्यावरून हा उजेड जाऊ शकत नाही.

एवढे सगळे विरुद्ध असताना हे उत्तर हुशार मुलांच्याही मनात का रुजते, याचे माझ्या मते दोन दोषी आहेत आणि दोन्ही वर्गातलेच आहेत. पहिला म्हणजे पुस्तकातली आकृती. पानावर बसावी म्हणून पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना चिकटून काढतात आणि सावली मोठी, जाडजूड दाखवतात. खऱ्या प्रमाणात मांडायचे तर पृथ्वीच्या जागी १२ सेंटिमीटर जाडीचा सोललेला नारळ घ्या. चंद्र मग सव्वातीन सेंटिमीटरांचे, म्हणजे लहान लिंबाएवढे होईल आणि ते नारळापासून ३ मीटर ६० सेंटिमीटरांवर ठेवावे लागेल. एवढ्या अंतरावर नारळाची गडद सावली ९ सेंटिमीटरांहूनही कमी रुंद असेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे पौर्णिमेलासुद्धा लिंबू त्या सावलीच्या मध्यापासून ३२ सेंटिमीटरांपर्यंत वर किंवा खाली असू शकते. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. ही मांडणी एकदा ओसरीत करून पाहिली की अष्टमीचे लिंबू, जे नारळाच्या बाजूला काटकोनात ठेवावे लागते आणि सावलीच्या त्या जागेपासून पाच मीटरांवर येते, त्याच्यावर नारळाची सावली कशी पडेल हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा दोषी म्हणजे अंधाऱ्या खोलीतला बल्बचा प्रयोग. प्रयोग चांगला आहे, मीही तो करून घेतो. मुलाचे डोके म्हणजे पृथ्वी, हातातला थर्मोकोलचा चेंडू म्हणजे चंद्र आणि बल्ब म्हणजे सूर्य. मूल स्वतःभोवती फिरते आणि चेंडूवर कोर, अर्धा, पाऊण असे आकार दिसत जातात. परंतु बल्बकडे पाठ करून चेंडू समोर धरला, म्हणजे पौर्णिमेची स्थिती आली, की डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि तो पूर्ण काळा होतो. त्यावर शिक्षक "हात वर कर" म्हणतात, मूल हात वर करते, चेंडू उजळतो आणि तास पुढे जातो. तो हात वर का करायचा हे सांगितले गेले नाही तर मुलाच्या लक्षात राहते ते एवढेच की 'माझी सावली पडली तेव्हा चंद्र काळा झाला'. खरे कारण असे की चेंडू हाताच्या अंतरावर, सुमारे ६० सेंटिमीटरांवर आहे आणि तिथून डोके जवळजवळ १४ अंश रुंद दिसते, तर चंद्रावरून पृथ्वी फक्त २ अंश रुंद दिसते. खऱ्या प्रमाणासाठी चेंडू डोक्यापासून साडेचार मीटरांवर धरावा लागला असता. अर्थातच ते शक्य नाही, म्हणून हात वर करून आपण ती चूक भरून काढतो.

या प्रयोगाचा एक निर्दोष प्रकार आहे आणि त्याला बल्ब लागत नाही. शुद्ध अष्टमीच्या दुपारी चारच्या सुमारास, सूर्य आणि चंद्र दोन्ही आकाशात असताना, उन्हात उभे राहून चिकू किंवा चेंडू लांब हातात चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. चिकूवर जेवढा भाग उन्हात आणि जेवढा सावलीत दिसतो तोच आकार, त्याच कलाने, शेजारच्या चंद्राचा असतो. चिकूच्या काळ्या अर्ध्यावर कोणाचीही सावली पडलेली नसते. हात डोक्यापेक्षा बराच वर असतो आणि सूर्य दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे डोक्याच्या सावलीचा घोटाळा इथे होतच नाही. फक्त झाडाखाली किंवा घराच्या सावलीत उभे राहू नये, हातावर थेट ऊन हवे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हे मुलीला सांगून ठेवा, चंद्राकडे पाहताना सूर्य पाठीमागे किंवा बाजूला असतो म्हणून तशी गरजही पडत नाही.

नदीकाठी किंवा समुद्राकाठी नातेवाईक असतील तर याच रचनेची आणखी एक साक्ष मिळेल. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही वेळी मांडवीला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास, एखादा दिवस मागेपुढे, भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो. पहिल्या दोन वेळी सूर्य आणि चंद्र यांचे ओढणे एका रेषेत येते आणि अष्टमीला ते काटकोनात होते. होडीवाल्यांना ठाऊक असलेला हा काटकोन आणि चंद्र अर्धा दाखवणारा काटकोन एकच आहे.

आता गुणांविषयी. प्रश्न 'का' असा होता, म्हणजे सर्व गुण कारणाला होते. मुलीने दिलेले कारण त्या दिवशी अस्तित्वातच नसते, म्हणून त्यातला अर्धा भाग बरोबर धरता येत नाही. तिने शेजारी आकृती काढून चंद्राचा सूर्याकडचा अर्धा उजळ दाखवला असता तर मी त्या आकृतीला एक गुण दिला असता, कारण मग चूक फक्त शब्दांत राहिली असती. उत्तरपत्रिका परत मिळाली असेल तर तेवढे पाहून घ्या, आणि तशी आकृती असेल तर शिक्षकांना ती जरूर दाखवा. नसेल तर फेरतपासणी मागण्यात अर्थ नाही.

पूर्ण गुणांचे उत्तर साधारण असे असावे : 'चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, त्याचा सूर्याकडचा अर्धा गोल नेहमी उजळलेला असतो. शुद्ध अष्टमीला पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये सुमारे ९० अंशांचा कोन असतो, त्यामुळे आपल्याला उजळ गोलार्धाचा अर्धा आणि अंधाऱ्या गोलार्धाचा अर्धा दिसतो. अंधारा भाग ही चंद्रावरची रात्र आहे. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते आणि ती चंद्रावर फक्त ग्रहणाच्या पौर्णिमेला पडते.' शेवटचे वाक्य गुणांसाठी आवश्यक नाही, पण मुलीने ते लिहावे असे मला वाटते, कारण तिची शंका नेमकी तिथेच आहे. सोबत आकृती काढताना सूर्यकिरण एकाच बाजूने समांतर यावेत आणि पृथ्वी व चंद्र या दोघांचेही किरणांकडचे अर्धे गोल कोरे ठेवून मागचे अर्धे छायांकित करावेत. चंद्र पृथ्वीच्या बाजूला काटकोनात ठेवला आणि पृथ्वीची सावली किरणांच्या दिशेने मागे निमुळती काढली की ती चंद्राला स्पर्श करत नाही हे कागदावरच दिसते.